28 किलोला तुटली पण कमजोर निघाली: गोणपाट आणि रेझिनच्या प्लेटची गोष्ट

माझं छोटं फायबरचं वर्कशॉप आहे जळगावात, कूलरच्या बॉड्या, टाक्यांची झाकणं, दरवाजे असलं काम. भाचा डिप्लोमाला आहे मेकॅनिकलला आणि त्याच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतला की ज्यूटचं कापड रेझिनमध्ये बसवून हाताने प्लेट बनवायची आणि नुसत्या रेझिनच्या प्लेटपेक्षा ती वाकवताना किती जास्त लोड घेते ते बघायचं. जागा माझी, रेझिन माझं, मेहनत त्यांची. पहिल्या टेस्टच्या दिवशी पोरगं ओरडतच आत आलं, "मामा, साधी रेझिनची पट्टी 20.4 किलोला गेली आणि ज्यूटवाली 28.5 ला! 40 टक्के वाढ!"

मी म्हटलं भो, जाडी मोजली का?

नव्हती मोजली. म्हणजे साच्यात 4 मिलिमीटरची पट्टी लावली होती म्हणून दोन्ही 4 च असणार असं धरून चालले होते. व्हर्निअर लावला तर रेझिनची बरोबर 4 आणि ज्यूटची 5.2. सगळा खेळ तिथेच आहे, म्हणून आधी वाकणं म्हणजे काय होतं ते सांगतो, मग हिशोब.

एक पट्टी दोन सळयांवर ठेवली आणि मधोमध वरून दाबली की पट्टीची वरची बाजू आकसते आणि खालची बाजू ताणली जाते, आणि बरोबर मधला थर जवळजवळ काहीच करत नाही, नुसता बसून असतो. म्हणून पट्टी जवळपास नेहमी खालून फुटायला सुरुवात होते, कारण रेझिनसारखा ठिसूळ माल दाब सहन करतो पण ताण नाही. आता जाडी वाढवली की वरचा आणि खालचा थर मधल्या रेषेपासून लांब जातो, आणि तेवढ्याच लोडला त्यांच्यावरचा ताण झपाट्याने कमी होतो. लाकडी फळी आडवी ठेवून तिच्यावर उभं राहा आणि मग तीच फळी कडेवर उभी करून बघा, लाकूड तेच, पण कडेवर ती हलत पण नाही. जाडी दुप्पट केली तर लोड दुप्पट नाही, चौपट घेते. म्हणजे किती किलोला तुटली हे मालाबद्दल काहीच सांगत नाही, ते पट्टीबद्दल सांगतं. मालाबद्दल बोलायचं तर सूत्र लागतं:

```
σ = 3 × F × L / (2 × b × h × h)
```

F म्हणजे तुटतानाचा लोड न्यूटनमध्ये (किलोला 9.81 ने गुणा), L म्हणजे खालच्या दोन सळयांमधलं अंतर, b रुंदी, h जाडी, सगळं मिलिमीटरमध्ये. σ म्हणजे तुटताना पट्टीच्या सगळ्यात खालच्या थरावर आलेला ताण, तो येतो मेगापास्कलमध्ये. पोरांनी अंतर 64 ठेवलं होतं आणि पट्ट्या 15 रुंद. रेझिनवाली: 20.4 किलो म्हणजे 200 न्यूटन, जाडी 4, उत्तर 80. ज्यूटवाली: 28.5 किलो म्हणजे 280 न्यूटन, जाडी 5.2, उत्तर 66. म्हणजे 40 टक्के वाढ नाहीच, उलट 17 टक्के घट! पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. h दोनदा येतो ना सूत्रात, त्यामुळे जाडी मोजण्यात थोडी चूक झाली की उत्तरात दुप्पट चूक. म्हणून पट्टी जिथे तुटणार तिथे मध्यावर तीन ठिकाणी जाडी मोजायची आणि सरासरी घ्यायची, साच्याच्या भरवशावर राहायचं नाही.

आणखी एक, 64 का? जाडीच्या 16 पट अंतर ठेवायचं असा या टेस्टचा नियम आहे, ASTM D790 या स्टँडर्डमध्ये तसंच आहे, 4 ची पट्टी म्हणून 64. 5.2 च्या पट्टीला खरं तर 83 च्या आसपास हवं होतं. अंतर कमी पडलं की पट्टी नीट वाकायच्या ऐवजी तिचे थर एकमेकांवरून सरकायला लागतात आणि आपण भलतंच काहीतरी मोजतो.

लोड मोजायचं पण सांगतो कारण त्यात पण एक गंमत झाली. कॉलेजच्या लॅबमधलं मशीन 40 टनाचं, लोखंडी सळई तोडायचं. त्याच्यावर 20 किलोचा लोड म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर कोथिंबिरीची जुडी. म्हणून आम्ही माझ्याकडेच केलं, दोन 10 मिलिमीटरच्या गोल सळया एका चॅनलवर वेल्ड केल्या, तिसरी सळई पट्टीच्या मध्यावर आडवी टाकली आणि तिच्या दोन्ही टोकांना तार बांधून खाली रंगाचा 20 लिटरचा डबा लटकवला. डब्यात आधी 10 किलोचं वजन ठेवायचं आणि मग नळीने बारीक धार सोडायची. पट्टी तुटली की धार बंद, मग डबा, तार, सळई सगळं काट्यावर. पट्टी किती खाली आली ते बघायला डायल गेज पट्टीच्या खाली मध्यावर लावला, तुटायच्या थोडं आधी काढून घ्यायचा नाहीतर डायलचं वाटोळं. यात एक कमी आहे, खऱ्या मशीनमध्ये पट्टी ठरलेल्या वेगाने वाकवतात आणि इथे आपण लोड ठरलेल्या वेगाने वाढवतो, त्यामुळे हे आकडे दुसऱ्या कोणाच्या आकड्यांशी लावू नका, पण आपल्याच दोन पट्ट्यांची तुलना करायला एकदम चालतं. आणि चष्मा घालायचा. साधी रेझिनची पट्टी आवाज न करता वाकत जाते आणि एकदम टक् करून उडते, तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही.

आता ज्यूटवाली कमजोर का निघाली. हे बघायला मशीन लागत नाही, तुटलेला तुकडा उन्हात धरायचा. आमच्या तुकड्याच्या तुटलेल्या तोंडावर 3-4 मिलिमीटर लांब केस बाहेर आलेले होते, कोरडे, स्वच्छ, जसे दाढीचे खुंट. धागा रेझिनला धरून असता तर तो रेझिनबरोबर तिथल्या तिथे तुटला असता, तोंडावर आखूड खुंट राहिले असते आणि त्यांना रेझिनचे कण चिकटलेले दिसले असते. इथे धागे तुटलेच नव्हते, म्यानातून तलवार निघावी तसे सरकून बाहेर आले होते. म्हणजे धाग्याने काहीच काम केलं नव्हतं, रेझिनमध्ये फक्त जागा अडवली होती. आणि थरांच्या मध्ये चपटी चपटी भोकं, हवा अडकलेली, त्यामुळेच तर जाडी 5.2 झाली.

कापड कुठून आणलं विचारलं तर मार्केट यार्डातून जुनं बारदान, फुकट मिळालं. झालं. जुन्या बारदानात धूळ, धान्याचा कोंडा हे सगळं असतंच, पण खरा प्रॉब्लेम नवीन गोणपाटात पण असतो, ज्यूट मिलमध्ये धागा मऊ पडावा, तुटू नये म्हणून सूत काढायच्या आधी त्याच्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारतात. ते तेल कापडात राहतं, आणि तेलकट कापडाला रेझिन चिकटत नाही, जसा तेलाच्या हाताला सेलोटेप चिकटत नाही. त्यात ज्यूट स्वतः पाणी धरून ठेवतो, दमट हवेत त्याच्या वजनाच्या 12-13 टक्के पाणी हे अगदी नॉर्मल. हात लावला तर कोरडं वाटतं, पण आत पाणी असतं, आणि ते पॉलिस्टर रेझिनला अजिबात आवडत नाही.

इथे मध्येच सांगून टाकतो कारण पोरांच्या रिपोर्टमध्ये पण घोळ होता. आपल्याकडे शेतकरी ज्याला ताग म्हणतात आणि केळीच्या आधी हिरवळीचं खत म्हणून पेरून गाडतात, ते बोरूचं झाड, ज्यूट नाही. बारदानाचा ज्यूट वेगळ्या झाडाचा, बंगालकडचा. पुस्तकात दोन्हीला ताग लिहितात म्हणून पोरांनी रिपोर्टमध्ये 'जळगाव जिल्ह्यात मोठ्या प्रमाणात पिकणारा' असं लिहून ठेवलं होतं, मी काढायला लावलं.

दुसऱ्या वेळी नवीन गोणपाट आणलं. आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुतलं, मग कॉस्टिक सोड्याच्या 5 टक्के पाण्यात, म्हणजे लिटरमागे 50 ग्रॅम, दोन तास ठेवलं. हातात रबरी मोजे, सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. पाणी चहासारखं लाल-तपकिरी होतं, ते धाग्यावरचा चिकट मेणचट थर आणि बाकी माल सुटून आलेला असतो, त्याने धाग्याचा पृष्ठभाग खरखरीत होतो आणि रेझिनला धरायला जागा मिळते. जास्त सोडा किंवा रात्रभर ठेवलं तर धागाच कुजल्यासारखा होतो, चिमटीत ओढला की तुटतो, तेव्हा जास्त केलं की जास्त चांगलं हे इथे चालत नाही. मग चार-पाच पाण्यातून काढलं, शेवटच्या पाण्यात थोडा व्हिनेगर, सावलीत वाळवलं, आणि प्लेट टाकायच्या आधी 90 डिग्रीला ओव्हनमध्ये दोन तास. ओव्हनमधून काढून लगेच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं, कारण जुलै महिना होता, उघडं ठेवलं असतं तर पुन्हा हवेतलं पाणी ओढलं असतं.

मग वजनं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कोणी करत नाही. 300 बाय 300 चे चार तुकडे कापले, चारही काट्यावर ठेवले तर 101 ग्रॅम. ज्यूटची घनता साधारण 1.4 धरली तर 72 घनसेंटिमीटर नुसता धागा. 4 मिलिमीटरच्या प्लेटमध्ये एकूण जागा 360, म्हणजे धागा 20 टक्के, आणि उरलेल्या 288 मध्ये रेझिन, ते 1.2 च्या हिशोबाने 345 ग्रॅम. कापडाच्या साडेतीन पट रेझिन! काचेच्या मॅटवर काम करणाऱ्याला हे जास्त वाटतं, आम्ही मॅटला दोन-अडीच पट घेतो, पण ज्यूट पितो आणि फुगलेला असतो, हाताने दाबून यापेक्षा घट्ट बसत नाही. आधीच्या प्लेटमध्ये पण हेच चार थर होते, पण 5.2 जाडीत तोच धागा 15 टक्क्यांवर आलेला.

रेझिन 400 ग्रॅम घेतलं, थोडं डब्याला आणि ब्रशला जातंच. रेझिन लवकर बसावं म्हणून टाकतात ते कोबाल्ट आधी टाकून नीट ढवळायचं, मग हार्डनर एक टक्का, साधारण 4 मिली. हे दोन कधीही एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, एकाच मापाने पण घ्यायचे नाहीत, थेट भेटले तर भडका उडतो, स्फोट पण होऊ शकतो. आणि हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून पुन्हा सांगतो, चष्मा. जुलैत आम्हाला वीसेक मिनिटं मिळाली. हेच मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये 43 डिग्रीला करून बघा, तिसरा थर टाकेपर्यंत डब्यातलं रेझिन जेलीसारखं होतं आणि डबा हाताला चटका देतो. उन्हाळ्यात सकाळी सहाला काम काढायचं, उगाच हार्डनर एकदम कमी करून वेळ वाढवायला जायचं नाही, कमी पडला तर प्लेट आतून कच्ची राहते.

काचेवर वॅक्स घासून पॉलिश केलेलं, त्यावर आधी रेझिनचा ब्रश, मग कापड, आणि कापड रेझिन खालून वर पितंय ते बघत थांबायचं. वरून ओतलं की हवा खाली अडकते, खालून वर चढलं की हवा आपोआप निघते. ब्रश ओढायचा नाही, टोचायचा, नाहीतर विण सरकते. कापड पांढरट तपकिरीचं गडद ओलं दिसलं की रोलर मध्यातून कडेकडे, मग दुसरा थर. जिथे फिकट डाग राहिला तिथे कोरडं राहिलंय, तिथे परत. चारही थरांचा ताणा एकाच दिशेला ठेवला, कडेला मार्करने बाण काढला, कारण गोणपाटात ताणा आणि बाण्याचे धागे सारखे नसतात आणि पट्ट्या कापताना दिशा चुकली की आकडे पण चुकले. वर ट्रान्सपरन्सीची शीट, तिच्यावर दुसरी काच, कडेला 4 च्या पट्ट्या आणि वर विटा.

साध्या रेझिनची प्लेट त्याच रेझिनची आणि हार्डनरच्या त्याच प्रमाणाची, नाहीतर फरक ज्यूटचा की हार्डनरचा कळणार नाही. ती दिसायला सोपी आहे पण बनवायला ज्यूटवालीपेक्षा त्रासाची, ढवळताना गेलेले बारीक फुगे तिथेच राहतात आणि नुसतं रेझिन बसताना आकसतं, जरा जास्त तापलं की कडेपासून तडा. आमच्या दोन प्लेटा तडकल्या, तिसरी लागली.

आठवडाभर ठेवून पट्ट्या कापल्या, कडा 220 च्या पेपरने घासल्या (कडेवर करवतीचा ओरखडा राहिला तर पट्टी तिथूनच जाते), प्रत्येकी पाच. रेझिनचे आकडे आले 62, 71, 80, 88, 94. सरासरी 79. ज्यूटचे 91, 94, 96, 97, 102, सरासरी 96. मधली 96 वाली पट्टी 27 किलोला तुटली, म्हणजे मागच्या वेळच्या 28.5 पेक्षा कमी किलो, पण जाडी 4.2 च. भाच्याला आता कळलं होतं, तो किलोकडे बघत पण नव्हता.

वाढ साधारण 21 टक्के. पण मला त्यापेक्षा दोन गोष्टी जास्त आवडल्या. एक तर आकड्यांचा पसारा बघा, रेझिन 62 ते 94, ज्यूट 91 ते 102. साध्या रेझिनमध्ये खालच्या बाजूला एक फुगा असला की चीर तिथून सुटते आणि तिला अडवणारं कोणी नसतं, म्हणून प्रत्येक पट्टीचं नशीब वेगळं. ज्यूटमध्ये चीर धाग्याला येऊन अडते. तुटतानाच आवाजात फरक कळतो, आधी कुरकुर, पापड मोडल्यासारखी, मग खालच्या बाजूला पांढरी रेघ, मग तुटते पण दोन तुकडे होत नाहीत, धाग्यांवर लोंबकळत राहते.

दुसरी गोष्ट ताठपणाची. 10 किलोला रेझिनची पट्टी सव्वादोन मिलिमीटर खाली आली होती, ज्यूटची फक्त 1.2. यातला थोडा भाग जाडीचा, तो काढून हिशोब केला तर रेझिनचा ताठपणा 3 गिगापास्कल आणि ज्यूटचा 5. म्हणजे ताठपणा 65 टक्क्यांनी वाढला आणि ताकद फक्त 21. भाचा म्हणे असं कसं, ज्यूटचा धागा तर रेझिनच्या पाच-सहा पट ताकदीचा असतो पुस्तकात!

असतो की. पण प्लेटमध्ये तो 20 टक्केच, त्यातला अर्धा आडवा, जो या वाकण्यात जवळजवळ काम करत नाही, म्हणजे खरं काम करणारा 10 टक्के. तेवढा 10 टक्के धागा ताठपणाला बराच हातभार लावतो कारण तो रेझिनपेक्षा सात-आठ पट ताठ आहे. पण ज्यूट फार लांबत नाही, आपल्या लांबीच्या दीड ते 1.8 टक्के ताणला की तुटतो, आणि आमचं रेझिन अडीच टक्क्यांच्या पुढे जात होतं. दोघं एकत्र बांधलेले, म्हणून पट्टी तेवढीच ताणली जाते जेवढं ज्यूट ताणू देतो. तिथे धागा गेला की त्याचा भार एकदम रेझिनवर येतो आणि तेही जातं. रेझिनची स्वतःची पूर्ण ताकद कधी वापरलीच जात नाही. ताठपणा 5, म्हणजे 5000 मेगापास्कल, त्याचे 1.8 टक्के केले तर 90 येतात, आमच्या 96 च्या जवळच. म्हणून ज्यूटची प्लेट कशाला चांगली असं कोणी विचारलं तर मी म्हणेन कमी वाकायला आणि तुकडे न व्हायला. काचेच्या मॅटशी बरोबरी करायला जाऊ नका, काच तुटायच्या आधी जास्त लांबते आणि कितीतरी जास्त भार घेते, टाकी काय मी ज्यूटची बनवणार नाही.

टाकीवरून आठवलं, उरलेल्यांपैकी तीन पट्ट्या पोरांनी एक रात्र पाण्याच्या बादलीत टाकल्या. कापलेल्या कडा उघड्या होत्या, तिथे धाग्याची टोकं दिसत होती आणि ज्यूटचा धागा आतून पोकळ नळ्यांचाच असतो, पाणी टोकातून आत चढतं. 7.8 ग्रॅमची पट्टी सकाळी 8.2 ची झाली, कडेची जाडी नखाला कळेल इतकी फुगली. पुसून लगेच डबा लावला, तिघांची सरासरी 81. म्हणजे सोडा, ओव्हन, वजनं, सगळं करून कमावलेलं जवळजवळ सगळं एका रात्रीत बादलीत गेलं. आता भाचा कडांना रेझिनचा हात मारून दुसऱ्या तीन पट्ट्या बुडवून बसलाय, उद्या सकाळी काढणार आहे.